शिलकी बजेट आणि थकलेली बिलं: रोख हिशोब व ॲक्रुअल हिशोबातला फरक

प्रश्न: आमच्या महापालिकेचं बजेट दरवर्षी शिलकी असतं, मग ठेकेदारांची बिलं सहा-सहा महिने का थकतात? सरकारी हिशोबातलं कॅश बेसिस आणि ॲक्रुअल बेसिस म्हणजे नक्की काय?

उत्तर:

मी ठाण्यात राहतो आणि गेली सोळा वर्षं नगरपालिका-महापालिकांचे वार्षिक हिशोब, ताळेबंद तयार करण्याचं काम करतो. तुम्हाला जे विसंगत वाटतंय, त्यातल्या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. बजेट रोखीवर बांधलेलं असतं, आणि रोखीच्या हिशोबाला थकलेलं बिल दिसतच नाही.

रोख पद्धतीत पैसा हलला तरच नोंद होते. ठेकेदारानं फेब्रुवारीत गटार बांधलं, अभियंत्यानं मोजमाप पुस्तिकेत मापं घेतली, बिल मंजूर झालं, पण पैसे जूनमध्ये निघाले, तर तो खर्च पुढच्या आर्थिक वर्षात पडतो. ३१ मार्चच्या हिशोबात त्या देण्याचा मागमूस नसतो. ॲक्रुअलमध्ये काम झालं त्याच दिवशी खर्च धरायचा आणि पैसे दिले नसतील तर ते देणं म्हणून उभं करायचं. उत्पन्नाचंही तसंच: मालमत्ता कराची मागणी लागू झाली की ते उत्पन्न, वसूल झालं नसेल तर येणं.

एक काल्पनिक महापालिका घेऊ, आकडे सोपे ठेवतो. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत २० कोटी. वर्षभरात ५०० कोटी जमा झाले: मालमत्ता कर १६५, जीएसटीची भरपाई आणि बाकीचं उत्पन्न मिळून २३५, कर्ज ४०, एका सरकारी योजनेचं अनुदान ५० आणि ठेकेदारांच्या अनामत रकमा १०. खर्च ४९० कोटी: पगार, वीज, कचरा, दुरुस्ती यांवर ३७०, नवे रस्ते आणि जलवाहिन्या यांवर १२०. वर्षअखेर शिल्लक ३० कोटी. सभागृहात हाच आकडा वाचला जातो, आणि तो खोटा नाही.

आता तेच वर्ष ॲक्रुअलनं मांडू. मालमत्ता कराची वर्षाची मागणी २०० कोटी होती, म्हणून उत्पन्न २०० आणि बाकीचं २३५, एकूण ४३५. कर्ज आणि अनामत परत द्यायच्या आहेत, त्या उत्पन्नात येत नाहीत. योजनेचं अनुदान मालमत्ता उभारण्यासाठी आहे, तेही रोजच्या उत्पन्नात धरत नाहीत. खर्चाच्या बाजूला दिलेले ३७० आहेतच. शिवाय रोजच्या कामांची न दिलेली बिलं वर्षारंभी ४० कोटींची होती, ती ८५ कोटींवर गेली. म्हणजे या वर्षाचा आणखी ४५ कोटींचा खर्च पुढे ढकलला गेला. नवे रस्ते एका वर्षात संपत नाहीत, त्यामुळे ते १२० कोटी मालमत्तेत जातात. मात्र जुन्या-नव्या सगळ्या मालमत्तेचा घसारा, म्हणजे वापरानं होणारी वर्षाची झीज, ४० कोटी धरू, आणि बुडण्याची शक्यता असलेल्या थकबाकीसाठी २५ कोटी. एकूण खर्च ४८०, तूट ४५ कोटी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ताळेबंदात आणखी स्पष्ट दिसतं. बँकेतल्या ३० कोटींपैकी १० कोटी अनामतीचे आहेत. अनुदानातले १५ कोटी अजून खर्चायचे राहिलेत, आणि ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. महापालिकेच्या हातात मोकळे उरले ५ कोटी, आणि दाराशी बिलं ८५ कोटींची. ठेकेदाराला सहा महिने थांबावं लागतं ते यामुळे.

रोख पद्धत निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बँकेच्या पासबुकाशी जुळवता येणारा आकडा फुगवणं कठीण असतं. ॲक्रुअलमध्ये अंदाज शिरतात, आणि आपल्या भागात सर्वांत मोठा अंदाज मालमत्ता कराच्या थकबाकीचा असतो. अनधिकृत बांधकामावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ नुसार कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, शिवाय थकलेल्या करावर दरमहा २ टक्के दंड. हे सगळं मागणी म्हणून नोंदलं तर कागदावर उत्पन्न डोंगराएवढं दिसतं आणि हाती फार थोडं येतं. म्हणून जुन्या थकबाकीसाठी तरतूद किती केली हे पाहावं लागतं. इथे शब्दानं फसू नका: बजेटमधली तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी, ताळेबंदातली तरतूद म्हणजे बुडेल असं धरून चाललेली रक्कम.

दुसरी अडचण मला स्वतःला भोवली आहे. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेनं आणि नंतर जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या अटींनी शहरांना ॲक्रुअलकडे आणलं, पण पुष्कळ ठिकाणी वर्षभर रोखीचीच वही चालते आणि वर्षाच्या शेवटी बाहेरची फर्म तिचं रूपांतर करते. अशा एका महापालिकेत विभागांनी आम्हाला ३१ मार्चच्या देण्यांची यादी दिली, अगदी छोटी. मी एप्रिल ते जूनमध्ये दिलेली बिलं काढून प्रत्येकाची मोजमाप पुस्तिकेतली तारीख पाहिली. ढीगभर कामं फेब्रुवारी-मार्चची निघाली. बजेट संपलं होतं म्हणून बिलं टेबलाच्या खणात ठेवून एप्रिलमध्ये लावली होती. यादी पुन्हा करायला लावल्यावर लेखा विभाग नाराज झाला, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. खणात पडलेलं बिल ॲक्रुअललाही दिसत नाही. ते शोधायला वर्षानंतरची देयकं तपासण्याखेरीज मार्ग नाही.

केंद्र आणि राज्य सरकारांचे हिशोब अजूनही मुख्यतः रोखीवर आहेत, आणि तिथे हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडतो. भारतीय अन्न महामंडळ धान्य चढ्या किमतीला घेतं, स्वस्तात देतं, आणि मधला फरक केंद्रानं अनुदान म्हणून भरायचा असतो. काही वर्षं केंद्रानं तो पूर्ण दिला नाही, उलट महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज मिळत गेलं. केंद्राच्या तिजोरीतून पैसा गेला नाही, म्हणून अनुदानाचा तेवढा खर्चही दिसला नाही आणि वित्तीय तूट आवाक्यात दिसत राहिली. धान्य मात्र लोकांनी तेव्हाच खाल्लं होतं. २०२०-२१ मध्ये केंद्रानं ही कर्जं चुकती करायचं ठरवलं. अन्न अनुदानाचा मूळ अंदाज सुमारे १.१५ लाख कोटी रुपयांचा होता, सुधारित अंदाज ४.२२ लाख कोटींवर गेला. त्यातला काही भाग कोरोनाकाळातल्या मोफत धान्याचा होता, पण मोठा भाग मागच्या वर्षांचं साचलेलं देणं होतं. ॲक्रुअल पद्धत असती तर तो खर्च ज्या त्या वर्षात दिसला असता.

तुमच्या महापालिकेचं खरं चित्र हवं असेल तर बजेटचं पुस्तक बाजूला ठेवा आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागा. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात विविध धनको म्हणजे ठेकेदार-पुरवठादारांचं देणं, अनामत ठेवी आणि अखर्चित अनुदानं हे तीन आकडे एकत्र करून रोख व बँक शिल्लक आणि मुदत ठेवींच्या बेरजेशी ताडून पाहा. त्याच अर्जात एप्रिल ते जूनमध्ये दिलेल्या बिलांची यादी मागा, आणि प्रत्येक बिलापुढे काम पूर्ण झाल्याची तारीख असू द्या असं स्पष्ट लिहा.