‘गेलो होतो’ मधला ‘होतो’ दर वेळी ‘हॅड’ होत नाही

प्रश्न: मी नाशिकमध्ये राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतेय. मराठी वाक्य देतात आणि इंग्रजी भाषांतराचे चार पर्याय. दोन पर्याय मी लगेच काढते, उरलेले दोन मात्र सारखेच वाटतात आणि नेमका चुकीचा टिक होतो. काळ आणि आर्टिकल, दोन्हींत गोंधळ. नियम पाठ आहेत, तरी असं का होतं?

उत्तर:

तुमची अडचण बहुधा इंग्रजी पर्यायांपर्यंत पोहोचण्याआधीच, मराठी वाक्य वाचताना सुरू होते. मी अशोकस्तंभाजवळ संध्याकाळची इंग्रजीची बॅच घेतो. नव्या बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहितो: ‘मी काल पंचवटीला गेलो होतो.’ खाली दोन पर्याय. ‘आय वेंट टू पंचवटी येस्टरडे’ आणि ‘आय हॅड गॉन टू पंचवटी येस्टरडे’. बहुतेक हात दुसऱ्या पर्यायासाठी वर जातात. नियम विचारला तर तीच मुलं तो घडाघडा म्हणून दाखवतात. (इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहितोय. का, ते शेवटी कळेल.)

हात वर जातात ते ‘होतो’मुळे. शाळेत आपल्या डोक्यात जोड्या बसलेल्या असतात: ‘आहे’ म्हणजे ‘हॅव’, ‘होता’ म्हणजे ‘हॅड’. पण मराठीत ‘गेलो होतो’ आपण कधी म्हणतो बघा. जाऊन परत आलोय, विषय आता संपलाय, एवढंच सांगायचं असतं तेव्हा. कुणी विचारलं, ‘काल दिसला नाहीत?’ तर ‘पंचवटीला गेलो होतो’ हेच तोंडात येतं. नुसतं ‘पंचवटीला गेलो’ म्हटलं तर समोरचा ‘बरं, मग?’ म्हणून पुढची गोष्ट ऐकायला थांबतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’चं काम वेगळं आहे. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे तो दाखवतो. दुसरी घटना वाक्यात किंवा आसपासच्या संदर्भात नसेल तर तिथे साधा भूतकाळ पुरतो.

म्हणून ‘होता’ दिसला की स्वतःला विचारायचं: कशाच्या आधी? उत्तर वाक्यातच सापडलं तर ‘हॅड’. नाही सापडलं तर ‘वेंट’. पंचवटीला कशाच्या आधी गेलो? काहीच सांगितलेलं नाही. विषय संपला.

आता उत्तर सापडतं असं एक वाक्य घेऊ: ‘मी स्टँडवर पोहोचलो तेव्हा बस निघून गेली होती.’ पर्याय असे:

१. व्हेन आय रीच्ड द स्टँड, अ बस हॅड लेफ्ट.
२. व्हेन आय हॅड रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट.
३. व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.
४. व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅज लेफ्ट.

चारही वाक्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत बसू नका, त्यानेच ती सारखी वाटायला लागतात. फक्त फरक कुठे आहे ते पेन्सिलने खूण करा. इथे तीनच जागा आहेत: ‘रीच्ड’च्या आधी ‘हॅड’ आहे का, बसच्या आधी ‘अ’ आहे की ‘द’, आणि बसचं क्रियापद कोणतं. आधी काळ उरकायचा. बस निघाली, कशाच्या आधी? मी पोहोचण्याच्या आधी. म्हणजे ‘हॅड’ बसला मिळणार, मला नाही. चौथ्यातला ‘हॅज’ आत्ताशी नातं जोडतो, ‘रीच्ड’ मात्र भूतकाळात अडकलेला आहे. तो गेला.

दुसरा पर्याय नीट बघा, कारण खरा सापळा तोच आहे. त्याचं इंग्रजी चुकीचं नाही. पण त्याचा अर्थ होतो, मी आधी पोहोचलो होतो आणि बस नंतर निघाली. म्हणजे मी कदाचित त्याच बसमध्ये बसून चाललोय! पेपर काढणारे असा पर्याय हमखास ठेवतात. तुम्ही व्याकरणाची चूक शोधत राहता, ती सापडत नाही, आणि मग वाटतं दोन्ही बरोबर. अशा वेळी चूक शोधायची नाही, आधी काय घडलं ते विचारायचं.

उरले पहिला आणि तिसरा. फरक फक्त ‘अ’ आणि ‘द’चा. सीबीएसवर दिवसभर बस निघतच असतात. कुठलीतरी एक बस सुटली याचं कुणाला दुःख? वाक्य बोलणाऱ्याला जी पकडायची होती तीच बस सुटली, म्हणून ‘द बस’. तिसरा.

‘होता’ची ही गोष्ट ‘आहे’लाही लागू पडते. ‘मी सोमवारी फॉर्म भरला आहे’ हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे’ चालत नाही. ‘हॅव’बरोबर संपून गेलेला वेळ बसत नाही: काल, सोमवारी, मागच्या वर्षी, २०१९ मध्ये. तो शब्द दिसला की ‘आय सबमिटेड’. वेळ सांगितलेलीच नसेल, किंवा ‘आज’, ‘या आठवड्यात’ असा अजून चालू असलेला वेळ असेल, तर ‘हॅव’ला मोकळीक आहे. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका कार्यालयाला ‘हॅव सबमिटेड ऑन मंडे’ असं ठसठशीत लिहून पाठवलं होतं, आणि तेही इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी. उत्तर आलं नाही.

‘पासून’ हा तिसरा चोर. ‘दोन तासांपासून पाऊस पडतोय.’ ‘पडतोय’ बघून आपण ‘इज रेनिंग’ धरतो, ‘पासून’ बघून ‘सिन्स’, आणि ‘इट इज रेनिंग सिन्स टू अवर्स’ तयार होतं. त्यात एकाच वाक्यात दोन चुका आहेत. मागे सुरू होऊन अजून चालू आहे म्हणून ‘हॅज बीन रेनिंग’. मराठीत सुरुवातीचा क्षण आणि मधला काळ, दोन्हींना एकच ‘पासून’ लागतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, काळाच्या लांबीला ‘फॉर’. दोन तास ही लांबी आहे, म्हणून ‘फॉर टू अवर्स’. चार वाजता हा क्षण आहे, म्हणून ‘सिन्स फोर ओक्लॉक’. चांगल्या पेपरात ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स टू अवर्स’ असा अर्धा बरोबर पर्याय असतोच. घाईत काळ जुळला की टिक करून पुढे जाणारे तिथे सापडतात.

आपल्याकडचं एक वाक्य मला फार आवडतं: ‘गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते.’ बरोबर भाषांतर ‘द गोदावरी रायझेस निअर त्र्यंबकेश्वर’. नदीच्या नावाला ‘द’ लागतो, गावाच्या नावाला नाही. कायमचं सत्य आहे म्हणून साधा वर्तमानकाळ. कुणी ‘द गोदावरी इज रायझिंग’ टिक केलं तर ती उगमाची माहिती राहत नाही, पुराची बातमी होते. मी वर्गात विचारतो, ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?’ नाशिकच्या पोरांना हा फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

आर्टिकलबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे अंदाजच करावा लागतो. शब्द नाही हे खरं, पण त्याची खूण मराठी वाक्यात बऱ्याचदा असते. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. पहिल्यात पुस्तकाची बातमी नवी आहे: ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’. दुसऱ्यात ज्या पुस्तकाबद्दल आपण बोलतोय ते कुठे आहे हे सांगितलंय: ‘द बुक इज ऑन द टेबल’. ओळखीची गोष्ट आपण वाक्याच्या सुरुवातीला आणतो, नवी गोष्ट क्रियापदाजवळ ठेवतो. वरच्या वाक्यातली ‘बस’सुद्धा तिच्या उपवाक्यात सगळ्यात पुढे होती.

दुसरी खूण ‘ला’ प्रत्ययाची, विशेषतः जनावरांच्या बाबतीत. ‘त्याने रस्त्यात कुत्रा पाहिला’ म्हणजे कुठलातरी एक, ‘अ डॉग’. ‘त्याने रस्त्यात कुत्र्याला पाहिलं’ म्हणजे तुम्हाआम्हाला माहीत असलेला, ‘द डॉग’. वाक्यात ‘ला’ कुठे लागलाय हे बघायची सवय लावा. माणसांच्या बाबतीत मात्र ही खूण उपयोगाची नाही, कारण तिथे ‘ला’ एरवीही लागतो. ‘मी एका डॉक्टरला भेटलो’ मध्ये ‘ला’ असूनही ‘अ डॉक्टर’च.

संदर्भाशिवाय एकटं वाक्य दिलं तर कधीकधी ‘अ’ आणि ‘द’ दोन्ही खरोखर शक्य असतात. तेव्हा चारही पर्यायांत काळ वेगवेगळा आहे का ते बघा. बहुतेकदा प्रश्न काळावर असतो आणि आर्टिकल चारही पर्यायांत सारखंच असतं.

राहिला ‘अ’ आणि ‘ॲन’. तो देवनागरीत लिहिला की आपोआप सुटतो, कारण नियम आवाजाचा आहे, स्पेलिंगचा नाही, आणि देवनागरी आवाज लिहिते. पुढचा शब्द कच्च्या कागदावर देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ अ पासून, म्हणून ‘ॲन अवर’, स्पेलिंगमधला एच बघायचाच नाही. ‘युनिव्हर्सिटी’ य पासून, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एमएलए’ ए पासून, म्हणून ‘ॲन एमएलए’. आणि एक रुपयाची नोट असेल तर स्पेलिंगमध्ये पहिला ओ दिसतो, कागदावर मात्र ‘वन’ मधला व उतरतो: ‘अ वन-रूपी नोट’.