टेक-होम पेपर: आधी प्रसंगातली तारीख बघ

डेटा संरक्षण कायद्याचा पेपर घरी बसून लिहिताना कायद्याचा इतिहास लिहीत बसू नकोस, नवख्यांचे निम्मे शब्द तिथेच संपतात. थेट प्रश्नात दिलेल्या प्रसंगाला हात घाल. समज, दवाखान्यातली रुग्णांची यादी फुटली. आधी घटनेची तारीख बघ, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतात. मग:

- डेटा कशासाठी, कसा वापरायचा हे कोण ठरवतं, दवाखाना की सॉफ्टवेअरवाला? ठरवणाऱ्यावर मुख्य जबाबदारी.
- कलम ८(५): पुरेशी सुरक्षा होती का? सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकच पासवर्ड असेल, तर तो मुद्दा इथे.
- कलम ८(६): डेटा फुटल्याचं डेटा संरक्षण मंडळाला आणि रुग्णांना कळवलं का?

कलमं राजपत्रातून घे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ए अजून उत्तरांत दिसतं! तळटीपा शब्दमर्यादेत मोजतात का, तेही सूचनांत वाच.