डॅशबोर्डवर ८०, चलानात ४०

प्रश्न : वकीलसाहेब, मी मारेगाव तालुक्यातला कापूस उत्पादक. नवीन गाडी घेतली, समोरच्या काचेला कॅमेरा आहे, तो रस्त्यावरचे बोर्ड वाचून वेगमर्यादा मीटरमध्ये दाखवतो. वणीहून घरी येताना दुपदरी रस्त्यावर लाल गोलात ८० दिसत होतं, लिमिटरही मी ८० वरच ठेवला होता, गाडीनं एकदाही बीप केलं नाही. तरी ई-चलान आलं : मर्यादा ४०, वेग ६७. बायकोनं मोबाइलवर मीटरचा फोटो काढला आहे, त्यात ८०चा गोल आणि ७२ वेग स्पष्ट दिसतो. हा पुरावा लावून चलान रद्द होईल का? गाडीच्या कंपनीवर दावा करता येईल का?

उत्तर : भाऊ, तो फोटो आत्ता कुठंच पाठवू नका. तुमच्या बाजूनं बोलण्यापेक्षा तो तुमच्याविरुद्ध जास्त बोलतो. का ते पुढे सांगतो.

आधी ८० कुठून आले ते पाहू. मोटारींसाठी केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये वेगाची कमाल मर्यादा ठरवून दिली. द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७०. राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेलं कार्यालय यापेक्षा कमी मर्यादा लावू शकतं. तुम्ही म्हणता तो रस्ता दुपदरी आहे. तिथं दुभाजक नसेल, तर मोटारीसाठी ८०ची मर्यादा असूच शकत नाही. म्हणजे तो आकडा तुमच्यासाठी लावलेल्या कुठल्या बोर्डाचा नव्हता. वणीच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात माझा पहिला संशय पुढच्या ट्रकवर जातो. मालवाहू गाड्यांना वेग ८०च्या पुढे जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर असतो आणि कित्येक ट्रकांच्या मागे तो आकडा गोलात रंगवलेला असतो. कॅमेरा लाल कडेचा गोल आणि आतला आकडा शोधतो. तो खांबावर आहे की ट्रकच्या फाळक्यावर, हे त्याला दर वेळी कळत नाही. गोल नजरेआड झाल्यावरही आकडा मीटरवर बराच वेळ टिकून राहतो, म्हणून ट्रक मागे टाकल्यावरही तुम्हाला ८० दिसत राहिलं असेल.

दुसरी शक्यता नकाशाची. बऱ्याच गाड्या कॅमेऱ्याला बोर्ड सापडला नाही तर नेव्हिगेशनच्या नकाशातली मर्यादा दाखवतात. नकाशात त्या रस्त्याची नोंद चुकीची किंवा जुनी असेल तर चुकीचा आकडा येतो. आणि गावाजवळचे हातानं रंगवलेले, देवनागरी आकड्यांतले, बाभळीआड गेलेले बोर्ड कॅमेऱ्याला वाचता येतीलच असं नाही. ४०चा खरा बोर्ड त्यानं न पाहिल्याचं कारण बहुधा हेच.

कारण नेमकं कोणतं, हे तपासता येतं. त्याच रस्त्यानं, त्याच दिशेनं, मर्यादेत गाडी चालवत जा. मीटरकडे शेजारी बसलेल्याला बघू द्या. ८० दर वेळी एकाच ठिकाणी उमटत असेल तर बोर्ड किंवा नकाशा. ट्रकमागे लागल्यावरच उमटत असेल तर स्टिकर.

आता बीप आणि लिमिटर. जुलै २०१९ पासूनच्या मोटारींना वेगाची सूचना देणं सक्तीचं आहे : ८० ओलांडले की अधूनमधून बीप, १२० ओलांडले की सतत. ती सूचना सगळ्या देशात सारखीच वाजते, तिला रस्त्याची मर्यादा ठाऊक नसते. ६७ला ती गप्प राहणारच. लिमिटरचा आकडाही तुम्ही स्वतः ठरवलेला किंवा बटण दाबून मान्य केलेला असतो. त्यापुढे गाडी सहज जाणार नाही, एवढंच त्याचं काम. तेवढा वेग कायदेशीर आहे, असं तो सांगत नाही.

म्हणून ‘गाडीनं ८० दाखवलं’ हा बचाव कोर्टात टिकणार नाही. वेगाच्या गुन्ह्यात, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ आणि १८३ मध्ये, चालकाचा हेतू काय होता हे कुणी विचारत नाही. शिवाय चिन्ह ओळखणारी यंत्रणा फक्त मदतीसाठी असून जबाबदारी चालकाची, असं गाडीच्या पुस्तिकेत बहुतेक छापलेलं असतंच. ते पान काढून वाचा.

तुमची खरी लढाई रस्त्याच्या कडेला आहे. मर्यादा ४० असल्याचं चलान म्हणतं. हे ४० आलं कुठून? कलम ११२(२) प्रमाणे कमी मर्यादा राजपत्रातल्या अधिसूचनेनं लावावी लागते आणि कलम ११६ खाली तसा बोर्ड उभा करावा लागतो. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तरच अधिसूचनेची गरज नाही. अशी अधिसूचना निघालीच नसेल तर त्या जागी मोटारीची मर्यादा ७० उरते, आणि त्यांच्याच यंत्राप्रमाणे तुमचा वेग ६७ आहे. चलानाचा पायाच निघून जातो.

आता फोटोचं कळलं असेल. त्यात मीटर ७२ दाखवतं. स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्यानं कंपन्या तो थोडा जास्तच दाखवणारा बनवतात. ७२ आणि ६७ दोन्ही एकाच क्षणाचे असू शकतात. पण समोरच्या वकिलाला ‘आरोपीच्याच फोटोत ७२ आहे’ एवढं वाक्य पुरतं. यंत्राचा ६७ तुमच्या फायद्याचा आहे, तोच राहू द्या.

करायचं असं. चलान भरू नका. भरलं की तडजोड झाली, विषय संपला. त्या जागेवर लगेच जा आणि तुमच्या दिशेनं येताना बोर्ड कुठून दिसतो, झाडाआड आहे का, आहे तरी का, याचे तारखेसह फोटो व व्हिडिओ घ्या. मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मग माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज करा. पहिला सार्वजनिक बांधकाम विभागाकडे (रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाकडे) : त्या किलोमीटरवर वेगमर्यादेचा बोर्ड कोणत्या आदेशानं, कधी लावला. दुसरा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे : ४०च्या मर्यादेची अधिसूचना आणि वेग मोजणाऱ्या यंत्राचं त्या तारखेला चालू असलेलं प्रमाणपत्र. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे हे प्रमाणपत्र दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं.

तोवर महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवा, फार तर चार ओळींत : ‘या ठिकाणी ४०ची मर्यादा मला मान्य नाही, अधिसूचना दाखवावी.’ गाडीच्या मीटरबद्दल अवाक्षर नको. तक्रार फेटाळली तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेता येईल, तिथं पोलिसांना अधिसूचना दाखवावी लागेल. मोटारीसाठी कलम १८३चा दंड १,००० ते २,००० रुपये आहे. अधिसूचना निघालेली असेल आणि बोर्डही उघड दिसत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : पैसे भरा, तारखांना कोर्टाच्या खेपा घालत बसू नका. दुसऱ्यांदा असाच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त होऊ शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

कंपनीवरच्या दाव्यात आज दम नाही. ट्रकचा स्टिकर वाचला म्हणून गाडी सदोष ठरवणं अवघड आहे. पण मोकळ्या रस्त्यावर, ट्रक नसतानाही चुकीचे आकडे येत असतील, किंवा काच बदलल्यापासून हे सुरू झालं असेल (काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो), तर सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या आणि जॉबकार्डवर तक्रारीचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. नकाशा अद्ययावत करायलाही सांगा. त्यांनी वारंवार टोलवलं, तर तीच जॉबकार्डं घेऊन दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल.