क्रीमचा फोटो बघताना आधी काय शोधायचं

ताई, गोरं करणाऱ्या क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा आहे का, हे डबीच्या फोटोवरून बघायचं असतं. सुरुवातीला सगळे समोरचाच फोटो पाठवतात, त्यात नुसतं "फेअरनेस" दिसतं. डबीच्या चारही बाजू, तळ आणि खोक्यातला कागद, सगळं उजेडात काढ, अक्षरं वाचता येतील असं.

आधी घटकांची यादी बघ. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड, म्हणजे औषध, रोज तोंडाला लावायची क्रीम नाहीच. माझ्या मावसबहिणीच्या ट्यूबवर बारीक अक्षरात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तिन्ही औषधं होती, बाजूला डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांना असते ती लाल पट्टी पण होती, तरी पार्लरवालीने "नाईट क्रीम" म्हणून दिलेली आणि ती आठ महिने लावत होती.

पाऱ्याचं नाव सहसा लिहितच नाहीत. कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे पाराच, दिसलं तर प्रश्नच मिटला, पण "सोन्या-चांदीचे दागिने लांब ठेवा" अशी सूचना असली तरी सावध हो, कारण पारा सोन्याला धरतो. यादीच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता किंवा लायसन्स नंबर नाही, बाहेरची असून आयातदाराचं नाव नाही, अशी डबी वापरूच नकोस.

नवीन लोक चुकतात ते इथे: लेबल स्वच्छ म्हणजे क्रीम स्वच्छ असं धरतात. फोटोत पारा दिसत नाही, तो लॅबमध्येच कळतो. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीम लावणाऱ्यांच्या किडनीला त्रास झालेला, त्यामुळे पाय सुजले, लघवीला फेस आला तर डबी घेऊनच डॉक्टरकडे जा.

आणि स्टेरॉइड बरेच महिने लावलं असेल तर आपलं आपण एकदम बंद करू नकोस, चेहरा लाल होऊन आग होते, त्वचेच्या डॉक्टरला विचारून सोड.