जुनी गाडी 2 लाखांत मिळते, पण सगळं धरून किती लागतील?

"पुसदजवळच्या खेड्यात राहतो. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक 2 लाखांत ठरतेय. नावावर करणं, इन्शुरन्स, दुरुस्ती धरून किती?"

साधारण 2 लाख 35 हजार धरून चाला भाऊ.

गाडी आपल्याच एमएच-29 ची असेल तर नावावर करायची सरकारी फी 300 रुपयेच आहे. स्मार्ट कार्ड, एजंट पकडून 3 हजार. जुनं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करा. मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक कंपनी मागते. पॉलिसी संपलीच असेल तर 1200 सीसीला नुसतं थर्ड पार्टी जीएसटीसह 4 हजारांच्या आसपास.

खरा खर्च दुरुस्तीचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी असा टायर आपल्या मे महिन्यात फुटू शकतो. चार टायर 16 हजार, बॅटरी साडेचार, ऑइल-फिल्टर चार. पांदण रस्त्यावर हळू चालवून पाहा. खालून खटखट आली तर लोअर आर्मचे बुश गेलेत, साडेतीन हजार. एवढे 28 हजार भावातूनच कमी करून मागा.