स्टोरेजचं सबस्क्रिप्शन: आधी पावती बघा, मग रद्द करा

फोनवरच्या ॲपमधून घेतलेलं ऑनलाइन स्टोरेजचं सबस्क्रिप्शन बंद करून तो प्लॅन स्टोरेज कंपनीच्या वेबसाइटवरून घ्यायचा असेल, तर आधी जुनी पावती शोधा. ती ॲपलकडून किंवा गूगल प्लेकडून आली असेल, तर पैसे ॲप स्टोअर कापतं. मग स्टोरेज कंपनीच्या वेबसाइटवर रद्द करायचं बटण बहुधा सापडतच नाही. नुसतं ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जात राहतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आयफोनवर Settings उघडून वर आपल्या नावावर टॅप करा, मग Subscriptions मध्ये जा. यादीत ते दिसलं नाही, तर खरेदी दुसऱ्या ॲपल खात्यावरून झाली असावी; घरातल्यांचे फोनही बघा.

समजा, नूतनीकरण 20 तारखेला आहे. 10 तारखेला रद्द केलंत तरी भरलेल्या मुदतीपर्यंत जागा सहसा वापरता येते. म्हणून वेबसाइटवर लगेच पैसे भरू नका, नाहीतर त्या दहा दिवसांचे दोनदा जातील. 20 तारीख उलटून खातं मोफत प्लॅनवर आलं की त्याच ईमेलने लॉगिन करून नवा प्लॅन घ्या. मधल्या काळात मोफत मर्यादेपेक्षा जास्त फाइल्स असतील तर सिंक थांबेल, तेव्हा महत्त्वाचं आधी उतरवून ठेवा.

दोनदा पैसे गेलेच, तर परतावा ज्याने कापले त्याच्याकडेच मागायचा.