गुजराती बिलावर ‘सवलत’ नको, ‘वटाव’ छापा

प्रश्न: माझा मेव्हणा नवसारीला हार्डवेअरचं दुकान टाकतोय, बिलबुक गुजरातीत छापायचंय. मी कर, सवलत, उधारी, देय रक्कम असे मराठी शब्द लिहून ठेवलेत, हेच गुजराती लिपीत टाकले तर चालतील का? नाहीतर तिकडे खरे कुठले शब्द वापरतात?

उत्तर: कर चालेल, सवलत अजिबात नको, आणि उधारीचं थोडं जपून.

आधी सवलत. गुजरातीत सवलत म्हणजे सोय, सुविधा. ‘पार्किंगनी सवलत’ म्हणजे गाडी लावायची सोय आहे, पार्किंगचे पैसे कमी घेतले असं नाही. त्यामुळे बिलावर ‘सवलत 10%’ छापलंत तर लोक अंदाजाने समजतील खरं पण वाचताना अडखळतील. तिकडच्या व्यापाऱ्याचा शब्द वटाव. आपण चेक वटवतो ना, तेच कूळ, गुजरातीतही ‘चेक वटाववो’ म्हणतात. दुकानाच्या पाटीवर, सेलच्या जाहिरातीत गिऱ्हाइकासाठी ‘वळतर’ नाहीतर ‘छूट’ दिसेल, खादीवर वळतर वगैरे, पण वळतरचा अर्थ नुकसानभरपाई आणि गुंतवणुकीचा परतावा असाही होतो म्हणून बिलाच्या रकान्यात मी तो घालणार नाही. वटावच बरा, आणि नुसता डिस्काउंट गुजराती लिपीत लिहिला तरी कुणी नावं ठेवणार नाही, निम्मी दुकानं तेच करतात.

आता वटाव दोन प्रकारचा, आणि बिल छापताना हा फरक कळला नाही तर टॅक्समध्ये घोळ होतो. ‘वेपारी वटाव’ म्हणजे माल देतानाच भावातून कमी केलेला, आणि ‘रोकड वटाव’ म्हणजे पैसे लवकर दिले तर मिळणारा. गुजराती माध्यमाच्या अकाउंट्सच्या पुस्तकात हेच शब्द आहेत त्यामुळे मेव्हण्याच्या मुनीमजींना समजावून सांगावं लागणार नाही.

एक बिल करून बघू. 50 जोडी मिजागरां (आपल्या बिजागऱ्या), भाव 80, रकम 4000. वेपारी वटाव 10% म्हणजे 400 वजा, राहिले 3600, या ओळीला लेबल ‘करपात्र रकम’. सीजीएसटी 9% चे 324, एसजीएसटी 9% चे 324, कुल रकम 4248. इथे वटावची ओळ टॅक्सच्या वर आहे हे लक्षात घ्या, कारण माल देताना किंवा त्याआधी दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूटच करपात्र रकमेतून वजा होते. आता बिलाखाली लिहिलंय की 7 दिवसांत पैसे दिले तर 2% रोकड वटाव. गिऱ्हाईक चौथ्या दिवशी आलं, 4248 चे 2% म्हणजे 84.96, द्यायचे झाले 4163.04, तर तो माणूस 4160 ठेवून जातो आणि वर हसतो. हे वरचे 3 रुपये 4 पैसे म्हणजे ‘कसर’. वहीत कसर-वटाव नावाचं खातंच असतं, असे हिशोब मिटवताना सोडून दिलेले चिल्लर पैसे तिथे जातात. बिलावर मात्र कसरचा रकाना नको, ती वसुलीच्या वेळची गोष्ट आहे.

आणि या रोकड वटावामुळे बिलातला 648 रुपये टॅक्स आपोआप कमी होत नाही, कारण बिल फाडलं तेव्हा हा वटाव दिलेलाच नव्हता. मागाहून दिलेल्या सुटीवर टॅक्स कमी करायच्या अटी वेगळ्या आहेत, त्यात समोरच्याला आपण घेतलेलं टॅक्सचं क्रेडिट उलटवावं लागतं, छोटा दुकानदार त्या भानगडीत न पडता टॅक्सला हात न लावता निव्वळ पैशाची सूट देतो. म्हणून दोन्ही वटाव एकाच ओळीत छापू नका. वेपारी वटाव वर रकान्यात, रोकड वटाव खाली अटींमध्ये.

टॅक्सला गुजरातीत वेरो आणि कर दोन्ही चालतं. बोलण्यात वेरो जास्त, आवकवेरो म्हणजे इन्कम टॅक्स, घरवेरो म्हणजे आपली घरपट्टी. पण बिलावर ‘जीएसटी’ एवढंच छापावं, त्याचं लांबलचक भाषांतर गिऱ्हाईक वाचत नाही. वापीहून कुणी घेतलं तर सीजीएसटी-एसजीएसटी, पण माल पालघरला किंवा मुंबईला पाठवला तर राज्य बदलतं आणि तेच 648 आयजीएसटी 18% च्या ओळीत जातात, म्हणून तिन्ही ओळी छापून ठेवा. मेव्हणा जीएसटीच्या कम्पोझिशन योजनेत असेल तर मात्र या ओळीच नकोत, त्याला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही आणि बिलाचं नावही बिल ऑफ सप्लाय होतं.

आता उधारी. गुजराती वहीत उधार म्हणजे आपलं ‘नावे’, जमा म्हणजे जमा. ‘उधार वेचाण’ म्हणजे उधारीवर विक्री हे जुळतं, पण ‘उधारचिठ्ठी’ म्हणजे डेबिट नोट. मराठी माणूस उधारी म्हणजे क्रेडिट या हिशोबाने क्रेडिट नोटला उधारचिठ्ठी लिहितो आणि सगळं उलटं होतं, माल परत आला की काढायची ती ‘जमाचिठ्ठी’. बिलाच्या डोक्यावर तिकडे बरेच जण ‘कॅश / डेबिट मेमो’ छापतात आणि लागू नाही ते खोडतात, तो डेबिट याच अर्थाचा, डेबिट कार्डाशी संबंध नाही. देय रकमेऐवजी ‘चूकववापात्र रकम’ लिहा. मोठं वाटलं तर नुसतं ‘बाकी रकम’, आणि पैसे आले की त्यावर ‘चूकते’ असा शेरा.

मुदत शब्द तोच आहे, अर्थही तोच. अट अशी लिहा: ‘बिलनी तारीखथी 30 दिवसमां चूकवणी करवी. मुदत वीत्ये वार्षिक 18 टका लेखे व्याज लेवामां आवशे.’ टक्का जो ठरेल तो घाला. ‘बिलनी तारीखथी’ हे गाळू नका. नुसतं ‘30 दिवस’ लिहिलं की माल पोचल्यापासून का बिल मिळाल्यापासून यावर वाद होतो, आणि घेणारा आपल्या सोयीची तारीख धरतो.

अक्षरी रुपयांच्या जागी तिकडे ‘अंके रूपिया’ छापतात आणि पुढे ‘चार हजार बसो अडताळीस पूरा’ असं अक्षरांतच लिहितात, अंके म्हटलंय म्हणून आकडे भरू नका. रूपिया मधला रू दीर्घ. आणि तळाशी आपलं ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ तिकडे ‘भूलचूक लेवी देवी’ होतं, दोन्ही जोड्या उलट्या. छापखान्यात देण्याआधी एकदा तिथल्याच कुणाकडून वाचून घ्या, आपल्या हातून लिहिलेल्या गुजरातीत मराठी ळ आणि अनुस्वार कुठे घुसतील सांगता येत नाही.